पोथी मिटल्यावर

नागपूर–तुळजापूर रस्त्याने आर्णी मागे टाकून उमरखेडकडे निघाले की मध्ये महागाव लागते. दक्षिणेला पैनगंगा, नदीपलीकडे माहूरचा गड, आणि आजूबाजूला कापूस-सोयाबीनची गावे, बंजाऱ्यांचे तांडे, आंध आदिवासींच्या वस्त्या. या पट्ट्यात धर्मग्रंथ ऐकण्याची ददात नाही. देवळात सप्ताह बसतो, घरोघरी पोथी लागते, विहारात आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते, तांड्यावर सेवालाल महाराजांच्या कथा सांगितल्या जातात. प्रार्थनेच्या बैठकीत येशूची गोष्ट सांगणारे कार्यकर्तेही येतात. समोर बसणाऱ्यांत, विशेषतः साठी ओलांडलेल्या बायांत, अक्षर न ओळखणाऱ्या पुष्कळ असतात.

अशा बैठकीतून घरी निघालेल्या एखाद्या आजीला विचारून पाहा. "आजी, आज काय ऐकलं?" "लय चांगलं सांगतलं महाराजानं." "काय सांगतलं?" "चांगलंच सांगतलं बाप्पा!" संवाद इथे संपतो. आजी दोन तास मन लावून बसली होती, जागी होती, हात जोडून होती. तरी एक गोष्ट तिच्याबरोबर घरी गेलेली नाही. हा दोष तिच्या स्मरणशक्तीचा नाही. त्याच आजीला दोन पिढ्यांची लग्ने, कोणाच्या लग्नात कोण रुसले होते त्यासकट, मुखोद्गत असतात. म्हणजे प्रश्न सांगण्याच्या पद्धतीचा आहे, आणि या लेखात आढावा घ्यायचा आहे तो त्याच पद्धतीचा. न वाचणाऱ्याला धर्मग्रंथातली गोष्ट अशी कशी सांगावी की ती त्याच्या तोंडून पुन्हा बाहेर यावी?

याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. माहूर हे महानुभावांचे मोठे ठिकाण आहे. देवदेवेश्वराचे स्थान तिथे आहे, आणि चक्रपाणी प्रभूंना दत्तात्रेय प्रभू भेटले ते माहूरला, अशी पंथाची श्रद्धा आहे. मराठीत ऐकणाऱ्याचा विचार करून ग्रंथ रचण्याची सुरुवात ठळकपणे दिसते ती याच पंथात. स्मृतिस्थळात एक प्रसंग येतो. केसोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिलेत तर माझ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. आपण हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा म्हणून सांगतो. मला त्यात त्याहून नेमकी एक गोष्ट दिसते. नागदेवाचार्यांच्या डोळ्यांसमोर जे होते ते वाचक नव्हते. ग्रंथ कानाने घेणाऱ्या म्हाताऱ्या होत्या.

लीळाचरित्र तर उभेच राहिले सांगण्या-ऐकण्यावर. म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. त्यासाठी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे ते गेले, ऐकले, आणि नागदेवाचार्यांसमोर ते पारखून घेतले. पुढे खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. ती पुन्हा उभी करताना पंथीयांच्या स्मरणाचाच आधार घ्यावा लागला. साहजिकच वेगवेगळे पाठ तयार झाले. एका लीळेबद्दल दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर तो फरक 'वासना' म्हणून नोंदवून ठेवायचा, अशी रीत पडली. दुसऱ्याची आठवण खोडून टाकायची नाही, ती बाजूला लिहून ठेवायची. आजच्या बैठकीतही एकाच गोष्टीची दोन रूपे समोर आली की सांगणारा गडबडून जातो. त्याला ही सातशे वर्षांपूर्वीची रीत ठाऊक असायला हवी.

त्याहून उपयोगाचा ग्रंथ म्हणजे केसोबासांचा दृष्टान्तपाठ. चक्रधरांनी सांगितलेले 114 दृष्टान्त त्यात आहेत आणि मांडणी तीन पदरी आहे. आधी सूत्र म्हणजे नेमके एक विधान, मग दृष्टान्त म्हणजे छोटी गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा लागू होणारा अर्थ. सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे, दार्ष्टान्तिक केसोबासांचे. गोष्ट कुठे संपते आणि अर्थ कुठे सुरू होतो, याची सीमा त्यामुळे स्वच्छ राहते. आजच्या बऱ्याच प्रवचनांत ही सीमाच पुसलेली असते. गोष्टीच्या तिसऱ्या वाक्यापासून उपदेश सुरू होतो, आणि ऐकणारी घरी नेते तो उपदेशाचा सूर. गोष्ट मांडवातच राहते.

(याच पंथावर पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवण्याची वेळ आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती लिपी उलगडून दाखवेपर्यंत बाहेरच्या विद्वानांनाही ते वाचता येत नव्हते. म्हाताऱ्यांसाठी सोप्या बोलीत सांगितलेल्या गोष्टी पंडितांनाही बंद झाल्या. इतिहास अशी थट्टा करतो कधी कधी.)

दृष्टान्तपाठातला सर्वांत प्रसिद्ध दृष्टान्त आंधळ्यांचा आणि हत्तीचा. तो त्याहून फार जुना आहे. पाली त्रिपिटकातल्या 'उदान' या ग्रंथात तो बुद्धाच्या तोंडी येतो. सावत्थीचा एक राजा गावातल्या जन्मांधांना एकत्र करवतो आणि त्यांना हत्ती दाखवतो, म्हणजे हाताला लावून देतो. प्रत्येकाच्या हाती वेगळा भाग लागतो, प्रत्येक जण वेगळेच सांगतो, आणि शेवटी आंधळे गुद्द्यांवर येतात. त्यांनी दिलेल्या उपमा पाहण्यासारख्या आहेत. डोके ज्याच्या हाती लागले तो म्हणतो घडा, कानवाला म्हणतो सूप, सुळेवाला म्हणतो नांगराचा फाळ, धडवाला म्हणतो कोठार, पायवाला म्हणतो खांब, शेपटीवाला म्हणतो मुसळ, शेपटीच्या गोंड्याला हात लागलेला म्हणतो केरसुणी. सगळ्या वस्तू शेतकऱ्याच्या घरातल्या. पाली शब्द तर आणखी ओळखीचे आहेत. सुप्प म्हणजे सूप, मुसल म्हणजे मुसळ, कोट्ठ म्हणजे कोठा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ऐकणाऱ्याच्या घरात होत्या त्या वस्तू महागावच्या तांड्यावर अजून आहेत, आणि जवळजवळ त्याच नावांनी.

पण इथे महत्त्वाचे ते त्या कथेचे बांधकाम. मूळ पालीत प्रत्येक आंधळ्याची हकीकत त्याच साच्यात येते. अमक्याने हत्तीचा अमका भाग पाहिला होता, तो असे म्हणाला, हत्ती असा असतो. पुन्हा तेच, फक्त भाग आणि वस्तू बदललेली. डोळ्याने वाचणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटते. लेखनिकांनाही वाटले असावे, कारण पाली पोथ्यांत पुनरुक्ती आली की 'पेय्याल' अशी खूण टाकून मजकूर गाळायची पद्धत आहे. म्हणजे 'वरीलप्रमाणे'. पण हे ग्रंथ लिहिले गेले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, श्रीलंकेत, वट्टगामणी राजाच्या काळात. त्याआधीची काही शतके ते भाणकांच्या, म्हणजे मुखाने जपणाऱ्या भिक्षूंच्या, तोंडीच होते. ती पुनरुक्ती म्हणजे त्यांच्या हातातली दोरी होती. सांगणारा तिला धरून पुढे जायचा, ऐकणाराही तिलाच धरायचा.

माझा सारा मुद्दा या 'पेय्याल'भोवती आहे. लिहिणाऱ्याने पाने वाचवण्यासाठी पुनरुक्ती गाळली. पोथी पुन्हा मोठ्याने वाचायची वेळ येते तेव्हा ती गाळलेली पुनरुक्ती परत घालावी लागते. आपण ती घालत नाही. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. बाबासाहेबांचा मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला आणि मराठीत आला. तो लिहिलाच आहे वाचणाऱ्यासाठी. प्रकरणे, परिच्छेद, क्रमांक, नेमके युक्तिवाद. तो तसाच वाचून दाखवला की शेवटच्या रांगेतल्या आजीला पकडायला एकही दोरी मिळत नाही. आवाज ओळखीचा, आदर पूर्ण, हाती काही नाही. यात ग्रंथाचा उणेपणा शोधू नये. वाचनाच्या ग्रंथाला ऐकण्याच्या ग्रंथाचे काम दिले की असेच होणार.

आपल्याकडे ही दोरी सांभाळणारे प्रकार आहेत. वारकरी कीर्तनात निरूपण कितीही लांब गेले तरी महाराज अभंगाच्या धृपदावर परत येतात, टाळकरी ते उचलतात, आणि ऐकणाऱ्याला कळते की आपण अजून त्याच अभंगात आहोत. अक्षरशत्रू बायांना हरिपाठ तोंडपाठ असतो तो असाच, वर्षानुवर्षे धृपद धरून. धनगरी ओवीत झिलकरी ओळ उचलून धरतात. श्रावणातल्या कहाणीला आटपाट नगरापासून सुफळ संपूर्णापर्यंत ठरलेला काठ असतो, आणि हातात तांदळाचे दाणे धरून ऐकायची रीत असते. ते दाणे ऐकणाऱ्याला झोपू देत नाहीत, असे मला लहानपणी वाटायचे. अजूनही वाटते.

ख्रिस्ती मिशनऱ्यांनाही हे लवकर कळले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण ओवीत रचले आणि ते 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. छापील अक्षरे रोमन, भाषा मराठी. नव्याने ख्रिस्ती झालेल्या ज्या माणसांसाठी ते होते त्यांच्यातल्या बहुतेकांना ना ती लिपी वाचता येत होती ना दुसरी. ते चर्चमध्ये वाचले जायचे आणि लोक ऐकायचे. स्टीफन्स यांनी ओवी निवडली, कारण पुराण कसे ऐकायचे हे त्या कानांना आधीपासून ठाऊक होते. यवतमाळला तर 1953 ते 1983 या काळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, पुढे ती पुण्याला गेली. अलीकडच्या दशकांत ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी एक साधी पद्धत रूढ केली आहे. गोष्ट सांगा, तीच पुन्हा सांगा, मग ऐकणाऱ्याकडून सांगून घ्या. यातला तिसरा भाग आपल्या कीर्तनात आणि पारायणात नाही. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो कोणाच्याही धर्माची मक्तेदारी नव्हे, तेव्हा उचलायला कसली हरकत?

तर एक बैठक मांडून पाहू. महागाव-फुलसावंगी भागातला एक तांडा, रात्रीचे आठ, बायांच्या भाकरी थापून झालेल्या. कापसाच्या वेचणीचे दिवस नकोत, त्या दिवसांत दमलेली माणसे बसल्या जागी पेंगतात. ओसरीवर बारा-पंधरा जण. वीसच्या वर गेले की पुढचा प्रकार जमत नाही, कारण प्रत्येकाला तोंड उघडायची संधी मिळत नाही. शे-दोनशे माणसे असतील तर कीर्तन करावे, ही बैठक करू नये.

गोष्ट हत्तीचीच घेऊ. पहिले काम कापण्याचे. उदानातल्या सगळ्या उपमा एका दमात कोणालाच राहत नाहीत. चार ठेवायच्या: पाय, कान, शेपूट, सोंड. पायाला खांब, कानाला सूप, शेपटीच्या गोंड्याला खराटा, सोंडेला मुसळ. मूळ पालीत मुसळ शेपटीचे आहे. आपण ते सोंडेला दिले तर मूळ ग्रंथाशी इतकी ढवळाढवळ चालेल का, हे सांगणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवावे आणि ग्रंथ जाणणाऱ्याला विचारावे. मी म्हणेन, चार ठेवा पण मूळचेच चार ठेवा. म्हणजे सोंडेऐवजी सुळा आणि नांगराचा फाळ. अशा लहान निर्णयांतच सांगणाऱ्याची निष्ठा दिसते. सावत्थी हे नावही सोडावे, 'एका गावचा राजा' पुरे. पण राजा ठेवायलाच हवा, कारण तोच एकटा सगळा हत्ती पाहतो आहे.

दुसरे काम, परतून येणारी ओळ घडवण्याचे. ती लहान हवी, एका श्वासात म्हणता यावी, आणि मुख्य म्हणजे गोष्टीच्या आतली हवी, अर्थाची नको. 'अज्ञानाने भांडण होते' ही ओळ वाईट आहे, कारण ती निकाल आधीच सांगून टाकते. त्याऐवजी अशी ओळ घ्या: "जेवढा हाताले लागला, तेवढाच हत्ती झाला." प्रत्येक आंधळ्याच्या मागे ती एकदा येईल. पहिल्या वेळी सांगणाऱ्याने पूर्ण म्हणावी. दुसऱ्या वेळी "जेवढा हाताले लागला..." एवढेच म्हणून थांबावे. थांबणे हेच इथले कौशल्य आहे. दोन-तीन क्षणांची शांतता नवख्या सांगणाऱ्याला सहन होत नाही आणि तो स्वतःच ओळ पुरी करून टाकतो. मग ऐकणारे शेवटपर्यंत ऐकणारेच राहतात. थांबलात तर कोपऱ्यातून एक आवाज येतो, तिसऱ्या वेळी पाच येतात, चौथ्या वेळी ओसरी म्हणते.

सगळी गोष्ट तीन-चार मिनिटांत संपली पाहिजे. लगेच ती पुन्हा सांगायची, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. शहरी माणसाला हे खटकेल. ऐकणाऱ्यांना खटकत नाही. दुसऱ्या वेळी त्यांना पुढचे ठाऊक असते आणि त्याचाच आनंद असतो. मग शेजारी-शेजारी दोघींनी एकमेकींना सांगायची. गोंगाट होतो, हसू येते, होऊ द्यावे. त्यानंतर एकीने उभे न राहता, बसल्या जागी, सगळ्यांना सांगायची.

ती बहुधा अशी सांगेल: "एका गावात हत्ती आला. चार आंधये होते. एकानं पायाले हात लावला, थो म्हणे खांबच व्हय. जेवढा हाताले लागला, तेवढाच हत्ती झाला. एकानं कानाले हात लावला, थो म्हणे सूप व्हय. जेवढा हाताले लागला, तेवढाच हत्ती झाला. एक म्हणे खराटा. मंग भांडले. मंग थ्या मास्तरनं सांगतलं, अरे बह्याडहो, हत्ती मोठा असते."

आता हे तपासू. खांब आणि सूप जागेवर आहेत, प्रत्येकाची ओळही जागेवर. खराटा आला पण त्याची ओळ गळली. फाळ पूर्ण गेला. राजा गेला आणि त्याच्या जागी मास्तर आला. मूळ गोष्टीत कोणी कोणाला शहाणपण शिकवत नाही, इथे शिकवले. प्रत्येक चुकीला कारण आहे. फाळ गेला तो शेवटी सांगितला म्हणून, आणि आता नांगरट ट्रॅक्टरने होत असल्यामुळे फाळ डोळ्यांसमोर राहिलेला नाही म्हणूनही. राजा गेला कारण राजा त्यांच्या जगात नाही. मास्तर आहे. केम्ब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवले होते. त्याने उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. अनोळखी तपशील आधी गळले किंवा ओळखीच्या वस्तूंत बदलले, तिथल्या खास होड्या साध्या नावा झाल्या, न कळणारे दुवे कळतील असे जोडले गेले. ते विद्यार्थी उत्तम वाचणारे होते. तेव्हा हा निरक्षरांचा दोष आहे असे कोणी म्हणू नये.

मग दुरुस्ती कशी करायची? सांगणाऱ्याने तोंडावर चूक दाखवली की दुसऱ्या दिवशी ती बाई सांगायला पुढे येत नाही, कोणीच येत नाही. त्याने ओसरीला विचारावे, "किती आंधये होते?" चार, असे उत्तर येते. "मंग चौथा कुठं गेला?" आता बाकीच्या बायाच त्याला शोधून आणतात, आणि त्यांनी शोधलेला फाळ पुन्हा हरवत नाही. मास्तरबद्दल "मास्तर होता का राजा?" इतके विचारून सोडावे. बैठकीत दोन मते पडली तर तिसऱ्यांदा गोष्ट ऐकवावी आणि त्यांनीच ठरवावे. म्हाइंभटांजवळ साक्षीदार होते. तुमच्याजवळ पोथी आहे, तिच्यात परतून पाहता येते, एवढाच फरक.

अर्थाचा प्रश्न यानंतर, आणि शक्यतो लहान. "यातला कोण तुमच्या घरात राहते?" असे विचारले तर हसे पिकते आणि चार सासवा चार सुनांकडे पाहतात. दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, हा क्रम इथे बिघडू देऊ नये. आधी गोष्ट अखंड घरी जायला हवी, अर्थ तिच्यामागे चालत जातो. एक सावधगिरी मात्र घ्यावी. ओसरीवर खरेच अंध माणूस बसलेला असेल तर ही गोष्ट त्या रात्री सांगू नये, किंवा त्याला आधी विचारावे. गोष्टीतले आंधळे मूर्ख नाहीत, हाताला लागले तेवढे ते खरेच सांगतात. परतून सांगताना मात्र ते हमखास मूर्ख होतात. वरच्या कथनात 'बह्याड' हा शब्द कसा आत शिरला ते पाहा.

या सगळ्यात फसवा क्षण एकच, आणि तो सगळ्यांत गोड वाटतो. अख्खी ओसरी एका सुरात ओळ म्हणते तेव्हा सांगणाऱ्याला वाटते, बैठक रंगली. रंगलेली असते. पण ओळ येणे आणि गोष्ट येणे यात मोठे अंतर आहे. धृपद सगळ्यांना येते, अभंग दोघांनाच. ओळखायची खूण सोपी आहे. गोष्ट मधूनच सुरू करायला सांगा: "कानवाल्यापासून सांग बरं." जिला गोष्ट आली आहे ती सांगते. जिला नुसती ओळ आली आहे ती ओळच म्हणते आणि हसून पदर तोंडाला लावते. दुसरी खूण दुसऱ्या दिवशीची. पहिला प्रश्न "काल काय ऐकलं?" असा नको. "काल घरी जाऊन कोणाले सांगतलं?" असा हवा. एकीने जरी नातवाला सांगितली असेल तरी गोष्ट ओसरीबाहेर पडली.

तांड्यावरची एक अडचण मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. घरात बोलली जाते ती गोरमाटी. बाजारात, कापूस जिनिंगवर, दवाखान्यात मराठी बोलली जाते, पण ती देवाणघेवाणीची मराठी. म्हातारी याडी वऱ्हाडी मराठीत भाव करते, भांडतेही, पण गोष्ट ती गोरमाटीत सांगते. प्रमाण मराठीतली परतणारी ओळ तिला म्हणता येईल, घरी नेता येणार नाही. तिथे ओळ तांड्यातल्याच कोणाकडून गोरमाटीत घडवून घ्यावी, आणि मग सांगणाऱ्याने ती त्याच्याकडून शिकावी. यात सांगणाऱ्याचा मान थोडा कमी होतो. बैठकीचा वाढतो. बंजाऱ्यांच्या स्वतःच्या कथा पिढ्यान् पिढ्या ढाडींच्या आणि जाणत्यांच्या मुखाने टिकल्या आहेत. पोहरादेवीला जाणाऱ्या म्हाताऱ्यांकडून सेवालाल महाराजांच्या गोष्टी ऐका, ठरावीक ओळी कुठे येतात ते आपसूक कळते. साचा त्यांच्याकडे तयार आहे. नवा बसवायची गरज नाही.

आता एका जुन्या आक्षेपाकडे वळतो. ग्रंथ म्हणजे शब्द, आणि शब्द बदलला तर ग्रंथ राहिला कुठे? वेदपाठकांनी हा आक्षेप फार गंभीरपणे घेतला. क्रम, जटा, घन अशा पाठांतून शब्द पुढे-मागे फिरवून त्यांनी स्वरसुद्धा हलू दिला नाही. ती स्मरणाची थक्क करणारी सिद्धी आहे, पण तिथे अर्थ कळणे ही अट नव्हती, आणि कोण ऐकेल यावर कडक बंदी होती. याउलट मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन न वाचणाऱ्या गायकांची महाकाव्ये ध्वनिमुद्रित केली. तिथले गायक छातीठोकपणे म्हणत, मी शब्दाला शब्द तेच गातो. मुद्रणे ताडून पाहिली तर शब्द वेगळे, प्रसंगांचा क्रम आणि ठरावीक ओळी मात्र बऱ्याच अंशी त्याच. ओसरीवरची गोष्ट या दुसऱ्या जातीची आहे. तिच्याकडून घनपाठाची अपेक्षा ठेवली तर दोन्ही हातचे जाईल. म्हणून काय अचल ठेवायचे ते आधीच ठरवावे: माणसे किती, क्रम कोणता, शेवट काय, आणि ती एक ओळ. बाकी बोली तिच्या मर्जीने फिरू दे.

ध्वनिमुद्रणाचाही एक मार्ग आहे. न वाचणाऱ्यांसाठी बायबलमधल्या कथा त्यांच्या बोलीत मुद्रित करण्याचे काम 1939 मध्ये जॉय रिडरहॉफ या बाईंनी लॉस एंजेलिसमध्ये सुरू केले, आणि पुढे वीज नसलेल्या गावांसाठी तबकडी हाताने फिरवायच्या पुठ्ठ्याच्या यंत्रांपर्यंत मजल गेली. आज तेच काम मोबाइल करतो. तांड्यावर कोणाच्याही हातात कीर्तने सापडतात. ऐकणे वाढले यात शंका नाही. पण मोबाइल "चौथा कुठं गेला?" असे विचारत नाही, आणि ओळ अर्धी सोडून थांबत नाही. मुद्रण चांगले आहे ते सांगणाऱ्याच्या तयारीसाठी, त्याने स्वतःचा क्रम पुन्हा ऐकून तपासावा म्हणून.

सगळ्या ग्रंथांना ही पद्धत सारखी लागू पडत नाही, हेही मान्य करायला हवे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा अशा तीन गोष्टी ओळीने येतात. तिन्हींत हरवणे, सापडणे आणि आनंद. तिथे ओळ शोधायलाच नको. जातककथा, लीळा, पुराणकथा इथेही काम सोपे. पण बाबासाहेबांच्या ग्रंथातला कर्म-पुनर्जन्माविषयीचा युक्तिवाद, किंवा ज्ञानेश्वरीतले तत्त्वनिरूपण, याला गोष्टीचा साचा बसवायला गेले तर ग्रंथाची चेष्टा होते. तिथे वाचनच बरे, थोडे थोडे, आणि सोबत प्रश्नोत्तरे.

येत्या आषाढी पौर्णिमेला विहारात ग्रंथ उघडेल, श्रावणात देवळांत पोथ्या लागतील. वाचणाऱ्या मंडळींना एक विनंती. शेवटचा पाव तास ग्रंथ मिटून ठेवा, त्या दिवसाच्या वाचनातली एकच गोष्ट दोनदा सांगा, आणि मग पुढच्या रांगेला न विचारता भिंतीला टेकून बसलेल्या आजीला म्हणा, "आता तू सांग."